बहात्तर घरांचा पत्ता: मेळकर्ता पद्धत हार्मोनियमवर उलगडताना

‘चारुकेशी’ या नावातली पहिली दोन अक्षरं घ्या: चा आणि रु. जुन्या अक्षर-अंक पद्धतीत च म्हणजे ६ आणि र म्हणजे २. हे अंक उलटे वाचले की मिळतात २६. कर्नाटक संगीतात सात-सात स्वरांचे बहात्तर मूळ मेळ मानतात, आपल्या थाटांसारखे, आणि चारुकेशी हा त्यांतला सव्विसावा मेळकर्ता राग. आणि २६ हा आकडा हातात आला की त्याचे सातही स्वर कुणाला न विचारता हार्मोनियमवर वाजवता येतात. रे शुद्ध, ग शुद्ध, म शुद्ध, ध कोमल, नी कोमल. नावातून आकडा निघतो आणि आकड्यातून स्वर. बहात्तर मेळ पाठ करायचे नसतात, ते असे काढायचे असतात.

मी हे माटुंग्यात एका मामींकडे शिकलो. (तिथल्या तमिळ घरांत वयाने मोठ्या बाईंना सगळे मामीच म्हणतात, आम्ही मराठी विद्यार्थीही.) मी लहानपणापासून पेटी वाजवणारा, दहा थाटांवर वाढलेला. त्यामुळे माझ्या ज्या चुका झाल्या त्याच बहुतेक मराठी वाचकांच्या होतील, असं धरून लिहितो आहे. समोर पेटी नाहीतर मोबाइलवरचा कीबोर्ड ठेवा आणि सा पांढरी एकवर धरा.

आधी ‘शुद्ध’ या शब्दाचा अर्थ बदला

आपल्याकडे शुद्ध म्हणजे बिलावलातला स्वर. तिकडे शुद्ध म्हणजे त्या स्वराची सर्वात खालची जागा. त्यांचा शुद्ध ऋषभ हा आपला कोमल रे आणि त्यांचा शुद्ध धैवत हा आपला कोमल ध. एवढं एक लक्षात नसेल तर पुढचं सगळं चुकतं, आणि चूक कळतही नाही, कारण चुकीचे स्वर वाजवले तरी कुठला तरी राग निघतोच.

दुसरी गोष्ट अशी की रे, ग, ध, नी यांना तिकडे दोन नव्हे तर तीन-तीन जागा आहेत. ऋषभाच्या तीन जागांना घोकण्यासाठी र, रि, रु म्हणतात. गांधाराच्या ग, गि, गु. धैवताच्या ध, धि, धु आणि निषादाच्या न, नि, नु. अकार सर्वात खाली, इकार मध्ये, उकार वर. मध्यमाला दोनच जागा: शुद्ध मध्यम, जो आपलाही शुद्ध मच आहे, आणि प्रति मध्यम, म्हणजे आपला तीव्र म. सा आणि प अचल.

पेटीवर ऋषभ आणि गांधार असे बसतात:

- काळी एक: र (शुद्ध ऋषभ, आपला कोमल रे)
- पांढरी दोन: रि (चतुःश्रुति ऋषभ) आणि ग (शुद्ध गांधार), आपला शुद्ध रे
- काळी दोन: रु (षट्श्रुति ऋषभ) आणि गि (साधारण गांधार), आपला कोमल ग
- पांढरी तीन: गु (अंतर गांधार), आपला शुद्ध ग

पांढरी दोन आणि काळी दोन यांना दोन-दोन नावं आहेत, इकडे लक्ष द्या. वरच्या अर्ध्यात प च्या पुढे हेच चित्र जसंच्या तसं येतं. काळी चारवर ध, पांढरी सहावर धि आणि न, काळी पाचवर धु आणि नि (कैशिकी निषाद), पांढरी सातवर नु (काकली निषाद). एकूण बारा पट्ट्या, पण नावं सोळा.

एका पट्टीला दोन नावं कशासाठी, हा प्रश्न मी मामींना पहिल्याच आठवड्यात विचारला. त्यांनी उलट विचारलं, “सात स्वरांचा मेळ आहे ना? मग सातही नावं हजर पाहिजेत.” अट तीच आहे. मेळात सा, रि, ग, म, प, ध, नि ही सातही नावं प्रत्येकी एकदाच यायला हवीत. पांढरी दोनवर गांधार म्हणून बसायचं असेल तर ऋषभाने तिच्या खाली, म्हणजे काळी एकवर, सरकावं. काळी दोनवर ऋषभ म्हणून बसायचं असेल तर गांधाराने वर पांढरी तीनवर जावं.

सहाच जोड्या का होतात

ऋषभाच्या तीन जागा आणि गांधाराच्या तीन, म्हणजे नऊ जोड्या व्हायला हव्यात. पण रि आणि ग एकाच पट्टीवर आहेत, म्हणून ही जोडी बाद. रु आणि गि यांचंही तसंच. रु आणि ग या जोडीत गांधार ऋषभाच्या खाली जातो, म्हणून तीही बाद. उरतात सहा:

रग, रगि, रगु, रिगि, रिगु, रुगु.

हा क्रम दोन-चार वेळा मोठ्याने म्हणा. तो मनाला येईल तसा लावलेला नाही. आधी ऋषभ खाली धरून गांधार एकेक पायरी वर नेला, मग ऋषभ एक पायरी वर आणून तेच केलं. रि ला दोनच गांधार शक्य आहेत आणि रु ला एकच, म्हणून तीन, दोन, एक अशी उतरती रांग लागली. धैवत-निषादाच्या जोड्याही याच क्रमाने: धन, धनि, धनु, धिनि, धिनु, धुनु.

आता मांडणी सोपी आहे. खालच्या अर्ध्यात सहा शक्यता, वरच्या अर्ध्यात सहा, त्यांचा गुणाकार छत्तीस. हे छत्तीस शुद्ध मध्यमाचे. मध्यम प्रति केला की पुन्हा छत्तीस. एकूण बहात्तर.

या बहात्तरांची सहा-सहाच्या गटांत विभागणी करतात आणि प्रत्येक गटाला चक्र म्हणतात. एका चक्रात ऋषभ-गांधाराची जोडी बदलत नाही, फक्त धैवत-निषाद धन पासून धुनु पर्यंत सहा पावलं चालतात. चक्र बदललं की ऋषभ-गांधाराची जोडी एक पाऊल पुढे सरकते. घड्याळात मिनिटकाटा एक फेरी मारतो तेव्हा तासकाटा एक घर सरकतो, तसं. बारा चक्रांच्या नावांतच त्यांचे क्रमांक आहेत: इंदू एकच असतो, नेत्रं दोन, अग्नी तीन, वेद चार, मदनाचे बाण पाच, ऋतू सहा, ऋषी सात, वसू आठ, ब्रह्मा नऊ, दिशा दहा, रुद्र अकरा, आदित्य बारा. पहिली सहा चक्रं शुद्ध मध्यमाची, नंतरची सहा प्रति मध्यमाची.

हे गणित मांडलं वेंकटमखींनी, ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथात, सतराव्या शतकाच्या मध्यावर, तंजावरच्या नायक राजांच्या आश्रयाने. त्यांच्या वेळी प्रत्यक्ष गाण्यात एकोणीसच मेळ चालू होते. उरलेले त्यांनी केवळ हिशोबाने उभे केले, आणि यात एक कमी किंवा एक जास्त करणं प्रत्यक्ष शंकरालाही जमणार नाही असं बजावूनही ठेवलं. बाकीची घरं रिकामीच होती, रागांची वस्ती नंतर झाली. मला या पद्धतीतली ही गोष्ट सर्वात आवडते.

आकड्यावरून स्वर

आता सव्विसावा मेळ सोडवू. कृती एकच आहे आणि ती सगळ्या बहात्तरांना लागू पडते.

आकडा ३६ पर्यंत आहे का ते पाहा. २६ आहे, म्हणजे मध्यम शुद्ध. आता आकड्यातून एक वजा करा: २५. त्याला सहाने भागा. भागाकार ४, बाकी १. भागाकारात एक मिळवला की चक्र मिळतं: पाचवं, बाण. बाकीत एक मिळवला की चक्रातली जागा मिळते: दुसरी. पाचवी ऋषभ-गांधार जोडी रिगु, दुसरी धैवत-निषाद जोडी धनि. पेटीवर पांढरी एक, दोन, तीन, चार, पाच, मग काळी चार, काळी पाच आणि वरचा सा. वाजवून पाहा, चारुकेशी ओळखीचा वाटेल. हा राग आपल्याकडे तिकडूनच आला आणि आता इथलाच होऊन गेला आहे.

सुरुवातीला एक वजा करायचं कशासाठी, असं वाटेल. बारावा मेळ घ्या. बाराला सरळ सहाने भागलं तर भागाकार २ आणि बाकी शून्य येते, आणि शून्याव्या जागेचं काय करायचं ते कळत नाही. एक वजा केला की ११ भागिले ६, भागाकार १, बाकी ५: दुसऱ्या चक्रातली सहावी जागा, म्हणजे रगि आणि धुनु. सहाच्या पाढ्यातले मेळ सोडवताना ही वजाबाकी विसरली तर उत्तर हमखास पुढच्या चक्रात जाऊन पडतं.

आकडा ३६ च्या वर असेल तर त्यातून ३६ वजा करा, मध्यम प्रति करा आणि बाकी कृती तीच. ५७ घ्या. ५७ वजा ३६ म्हणजे २१. एक वजा करून २०, सहाने भागून भागाकार ३, बाकी २. चौथी जोडी रिगि, तिसरी धनु. रे शुद्ध, ग कोमल, म तीव्र, ध कोमल, नी शुद्ध. हा सिंहेंद्रमध्यमम्. तोच २१ वर, शुद्ध मध्यमासह, कीरवाणी आहे. असं प्रत्येक मेळाचं एक जुळं भावंड ३६ घरं पलीकडे राहतं आणि दोघांत फक्त मध्यमाचा फरक असतो. आपल्या ओळखीची जोडी म्हणजे २९ आणि ६५: बिलावल आणि कल्याण.

नावावरून आकडा

या अक्षर-अंक पद्धतीला कटपयादि म्हणतात, कारण क, ट, प आणि य या चौघांपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. क पासून झ पर्यंत १ ते ९ आणि ञ शून्य. ट पासून ध पर्यंत १ ते ९ आणि न शून्य. प पासून म पर्यंत १ ते ५. य पासून ह पर्यंत १ ते ८. स्वरचिन्हांना किंमत नाही, म्हणून का, कि, को सगळे १ च. नावाची पहिली दोन अक्षरं घ्यायची आणि त्यांचे अंक उलट्या क्रमाने लिहायचे. मायामाळवगौळ: म ५, य १, उलटे १५. हा आपला भैरव थाट, आणि कर्नाटक संगीताचे पहिले धडे याच मेळात देतात. खरहरप्रिया: ख २, र २, म्हणजे २२, आपला काफी.

काही नावांना पुढे शेपूट नाही, शिंग जोडलेलं दिसतं, त्याचं कारण इथे कळतं. शंकराभरण हा राग या आकडेमोडीच्या खूप आधीचा. त्याच्या नावातून निघतात श ५, क १, म्हणजे १५, पण हिशोबाने तो बसतो २९ वर. मग पुढे ‘धीर’ लावलं. ध ९, र २, झाले २९. तोडीला ‘हनुम’ लावून ०८ केलं, कल्याणीला ‘मेच’ लावून ६५. गायक मात्र मैफलीत नुसतं तोडी आणि कल्याणीच म्हणतात.

जोडाक्षरांनी मला पहिल्यांदा पाडलं. मामींनी एकदा ‘चक्रवाकम्’ वाजव म्हटलं. मी मनात हिशोब केला: च ६, क्र मध्ये शेवटचं व्यंजन र, म्हणजे २, उलटे २६. मी आरामात वाजवलं. मामी थांबल्या. “हा चारुकेशी झाला. चक्रवाकम् तुझ्या अहिर भैरवासारखा लागला पाहिजे.” चक्रवाकम् सोळावा आहे. तिथे र न घेता क घ्यायचा असतो.

जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन घ्यायचं हा सर्वसाधारण नियम. रत्नांगीत त्न मधला न घेऊन ०२, सूर्यकांतम् मध्ये र्य मधला य घेऊन १७, धर्मवतीत र्म मधला म घेऊन ५९. हे सगळं बरोबर येतं. पण चक्रवाकम् (१६), दिव्यमणी (४८), विश्वंभरी (५४), श्यामलांगी (५५), चित्रांबरी (६६) आणि ज्योतिस्वरूपिणी (६८) यांत जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन घ्यावं लागतं. हे सहा अपवाद सरळ लक्षात ठेवा, त्यामागे खोल तत्त्व शोधण्यात वेळ घालवू नका. चूक पकडायची खूण मात्र आहे: चुकीच्या व्यंजनाने येणारा आकडा दुसऱ्याच कुणाचं घर असतो. विश्वंभरीतला व घेतलात तर ४४ येतात, आणि तिथे भावप्रिया आधीच राहते आहे. सातवं अडचणीचं नाव सिंहेंद्रमध्यमम्. तिथे अनुस्वार सोडवून ‘सिम्हे’ असं वाचायचं आणि त्यातला म घ्यायचा: ७ आणि ५, म्हणजे ५७.

नाटकप्रिया आणि नठभैरवी हा दुसरा सापळा. पहिल्यात ट आहे, म्हणून १०. दुसऱ्यात ठ, म्हणून २०. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. यूट्यूबवर नाव रोमनमध्ये वाचून कुणी त्यात त घेतला तर ६० येतात, म्हणजे नीतिमती. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर असल्याने तिथल्या विद्यार्थ्यांनाही या नावांचं संस्कृत रूप वेगळं शिकावं लागतं. देवनागरी वाचणाऱ्याला हा भाग आयताच मिळतो.

आणखी एक गोंधळ पुढे भेटेल, तो आताच सांगून टाकतो. पुस्तकात एखाद्या मेळाचं नाव ओळखीचं निघालं नाही, म्हणजे ५७ वर सिंहेंद्रमध्यमम् ऐवजी सुमद्युति किंवा २ वर रत्नांगी ऐवजी फेनद्युति दिसलं, तर ते पुस्तक मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या परंपरेचं आहे. त्या परंपरेत मेळरागाच्या आरोह-अवरोहात सातही स्वर सरळ असलेच पाहिजेत असं नाही. नावं वेगळी, घरांचे आकडे तेच. मोजून पाहा: सु ७, म ५.

स्वरांवरून आकडा

उलटा प्रवासही करून पाहू, आणि त्यासाठी आपला मधुवंती घेऊ. त्याचे स्वर: रे शुद्ध, ग कोमल, म तीव्र, ध शुद्ध, नी शुद्ध. दहा थाटांत हा नीट कुठेच बसत नाही. तोडी थाटात घालावा तर रे आणि ध दोन्ही जुळत नाहीत.

मेळकर्त्यात त्याला जागा शोधावी लागत नाही, ती निघते. शुद्ध रे आणि कोमल ग म्हणजे रिगि, चौथी जोडी. शुद्ध ध आणि शुद्ध नी म्हणजे धिनु, पाचवी. चौथ्या चक्राच्या आधी तीन चक्रं पूर्ण झाली, म्हणजे अठरा मेळ गेले. त्यात पाचवी जागा मिळवली की २३. मध्यम तीव्र, म्हणून अधिक ३६: ५९. धर्मवती. एखादा राग कानाने उतरवून घेतलात आणि तो कुठल्या थाटाचा यावर वाद सुरू झाला, तर ही तीन ओळींची बेरीज करून पाहा.

बत्तीस आणि चाळीस

हिंदुस्थानी पद्धतीत रे, ग, म, ध, नी या पाच स्वरांना प्रत्येकी दोनच रूपं. त्यामुळे प्रत्येक स्वराचं एकच रूप घेऊन होऊ शकणारे सप्तक म्हणजे दोनचा पाच वेळा गुणाकार, बत्तीस. मग तिकडे चाळीस जास्त कुठून आले?

दुहेरी नावांतून. रग, रुगु, धन, धुनु या चार जोड्या आपल्या भाषेत मांडताच येत नाहीत. रग म्हणजे पेटीवर कोमल रे आणि लगेच शुद्ध रे, गांधार नाहीच. रुगु म्हणजे दोन गांधार, ऋषभ नाहीच. या जोड्या असलेल्या मेळांना विवादी मेळ म्हणतात. पहिलं, सहावं, सातवं आणि बारावं ही चक्रं पूर्ण विवादी, म्हणजे चोवीस. उरलेल्या आठ चक्रांत पहिली आणि शेवटची जागा विवादी, म्हणजे सोळा. चोवीस आणि सोळा चाळीस. बाकी बत्तीस, नेमके आपले बत्तीस. पंडित विष्णु नारायण भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले होते, आणि वेंकटमखींचं हे गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचे दहा थाट या बत्तिसांतूनच निवडलेले आहेत. मेळांच्या आकड्यांत ते असे: भैरवी ८, भैरव १५, आसावरी २०, काफी २२, खमाज २८, बिलावल २९, तोडी ४५, पूर्वी ५१, मारवा ५३, कल्याण ६५. (नावांनी फसू नका: आपली भैरवी म्हणजे त्यांच्या तोडीचे स्वर, आणि त्यांची भैरवी विसाव्या घरातली.)

पहिला मेळ, कनकांगी, पेटीवर वाजवा: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, मग थेट पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा. कानाला पहिल्यांदा ते चुकल्यासारखंच वाटेल. विवादी मेळ कागदावरच राहिले असं मात्र समजू नका. तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेत शेकडो गायक एकत्र बसून ज्या पंचरत्न कृती गातात, त्यांतली पहिली नाट्टै रागात आहे, जो ३६ व्या चलनाट मेळातला, आणि चौथी वराळीत, जो ३९ व्यातला. दोन्ही मेळ विवादी.

आपल्याला जवळचा आणखी एक धागा तंजावरच्या मराठी दरबारात सापडतो. बहात्तर मेळांची नावं गुंफलेली एक रचना तिथे लावणी वेंकटराव यांनी मराठीत केली होती, आणि तिला चाल लावली महावैद्यनाथ अय्यर यांनी. पुढे अय्यरांनी त्याच धर्तीवर संस्कृत शब्द लिहिले आणि आज मैफलीत ऐकू येते ती मेळरागमालिका झाली. बहात्तर घरं ओळीने कानावर पडावीत असं वाटत असेल तर ती ऐका. चक्र बदलताना ऋषभ-गांधार कसे सरकतात ते बोटांवर मोजत ऐकलं तर आणखी बरं.

आकड्यातून काय मिळत नाही

मेळ म्हणजे स्वरांचा साठा. राग नव्हे. मोहनम् हा राग आपल्या भूपासारखा, सा रे ग प ध. त्यात म आणि नी नाहीत. मग तो कुठल्या मेळाचा? रिगु ठरलं, म्हणजे चक्र पाचवं किंवा अकरावं. धि ठरला, त्याच्यासोबत नि किंवा नु. दोन मध्यम गुणिले दोन निषाद, म्हणजे २८, २९, ६४ आणि ६५ ही चार घरं शक्य आहेत. परंपरेने तो २८ व्या हरिकांभोजीत धरतात. हे गणिताने ठरलेलं नाही, रागाचं चलन आणि जुनी नाती पाहून ठरलेलं आहे. हंसध्वनीत म आणि ध नाहीत, म्हणून तिथे सहा घरं शक्य होतात, आणि तो २९ मध्ये मानतात. त्यामुळे मेळातून निघालेल्या, म्हणजे जन्य, रागासाठी उत्तर एकच यावं असा हट्ट धरला तर हिशोब बरोबर असूनही अडकायला होईल. जे आकडे शक्य आहेत ते काढा आणि पुढे शिक्षकांना विचारा.

काही राग तर ठरलेल्या घराबाहेर पाऊल टाकतात. कर्नाटक भैरवी २० व्या मेळातली, म्हणजे धैवत कोमल, पण वर चढताना ती शुद्ध ध घेते. अशा रागांना भाषांग म्हणतात. आणि गमकं तर पेटीवर येतच नाहीत. तोडीचा गांधार आकड्याप्रमाणे काळी दोनवर आहे, पण मामी तो गातात तेव्हा तो ऋषभाकडून मध्यमाकडे झुलत असतो आणि काळी दोनवर क्षणभरही टेकत नाही. मी तो पेटीवर सरळ दाबून धरला की त्या पट्टीवरून माझं बोट उचलायच्या. “हा तुझ्या भैरवीचा ग. घर बरोबर आहे, माणूस दुसरा.”